इबिड असो वा तत्रैव, सरसकट बदलाल तर संदर्भ चुकतील

कृष्णाकाठ (सांगली) यांची मूळ पोस्ट:
प्रबंध जमा करायची वेळ आली आणि मार्गदर्शक म्हणतात, तळटिपांत इबिड घाला, एट अल तपासा. मराठीतल्या प्रबंधात हे लॅटिन तुकडे कशाला? माझं सरळ मत : वर्डमध्ये शोधा-बदला करायचं, इबिडच्या जागी तत्रैव, एट अलच्या जागी व इतर. पाच मिनिटांचं काम. उगाच बाऊ केलाय या गोष्टीचा.

शनिवारपेठकर (सातारा):
पाच मिनिटांचं काम हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बरीच वर्षं प्रबंधांचं मुद्रितशोधन केलंय. शेवटच्या आठवड्यात केलेल्या अशा पाच मिनिटांच्या कामांची निस्तरणी माझ्याच टेबलावर येते.

भाषा कुठली वापरायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मराठी प्रबंधात तत्रैव चालतं, माझी हरकत नाही. पण इबिड लिहा की तत्रैव, दोन्हींचा अर्थ ‘लगेच वरच्या टिपेतलाच संदर्भ’ असा आहे. त्या शब्दात ग्रंथाचं नाव नसतं. वरची टीप बदलली की खालची गपचूप दुसऱ्याच ग्रंथाकडे बोट दाखवायला लागते.

एक उदाहरण घ्या. साताऱ्याच्या आठवडी बाजारांवरच्या प्रबंधात अशा टिपा होत्या :

२१. गॅझेटियर, सातारा, १८८५, पृ. २१४.
२२. तत्रैव, पृ. २१७.
२३. तत्रैव, पृ. ३०२.

मार्गदर्शकांनी सुचवलं, २१ नंतरच्या परिच्छेदात एका मासिकातल्या लेखाचा आधार द्या. विद्यार्थ्यानं नवी टीप घातली. वर्डनं आकडे आपोआप सरकवले, २२ ची २३ झाली, २३ ची २४. टिपेतला मजकूर मात्र वर्ड बदलत नाही. आता २२ मध्ये लेख आणि २३ मध्ये ‘तत्रैव, पृ. २१७’. लेख छापलाय पृ. ३३ ते ४८ वर. म्हणजे २१७ वं पान त्यात नाहीच, आणि त्याच्या खालची ३०२ वाली टीपही त्याच्याबरोबर वाहून गेली.

ही चूक पकडता आली, कारण पान अस्तित्वातच नव्हतं. लेखाऐवजी चारशे पानांचं पुस्तक मध्ये घातलं असतं तर? त्यातही २१७ वं पान आहे, ३०२ वंही आहे. मग मूळ पुस्तक उघडून बसल्याशिवाय ती चूक कोणाच्या बापाला सापडत नाही.

म्हणून माझी पद्धत सांगतो. कच्च्या खर्ड्यात इबिडही नको, तत्रैवही नको. प्रत्येक टिपेत लेखकाचं आडनाव, ग्रंथाचं आखूड नाव आणि पान लिहा. शेवटचा परीक्षक हात धुऊन मोकळा झाल्यावर, विद्यापीठाचा नियम मागत असेल तरच, वरून खाली एकेक टीप वाचत तत्रैव घाला. वरच्या टिपेत दोन संदर्भ असतील तिथे घालू नका, कारण कुठला ते वाचकाला कळणार नाही. प्रकरणाच्या पहिल्या टिपेतही नको. आणि नियम मागत नसेल तर आखूड नावंच राहू द्या. संदर्भलेखनाच्या शिकागो नियमावलीनंही २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून इबिडपेक्षा आखूड नाव बरं असं सांगितलंय. इबिडनं जागा फारशी वाचत नाही आणि वाचकाला मागे शोधत जावं लागतं.

वकिलसाहेब_विश्रामबाग:
शिकागो म्हणजे काही वेद नव्हेत. आमच्या कायद्याच्या लेखनात ऑस्कोला ही संदर्भपद्धती चालते आणि तिच्या चौथ्या आवृत्तीत इबिड आहे, तेही तिरपं न करता, टिंबाशिवाय. दुसरं, सगळं हातानं लिहायचा काळ गेला. लांबच्या टिपेकडे बोट दाखवायला आम्ही टीपक्रमांक देतो, आणि तो वर्ड आपोआप सरकवतो. तुमचा विद्यार्थी संगणक शिकला नव्हता, त्यात इबिडचा काय दोष?

शनिवारपेठकर (सातारा):
ऑस्कोलाचं बरोबर आहे, ते मान्य. टीपक्रमांकाचं अर्धंच बरोबर आहे.

टीपक्रमांक हातानं टंकला असेल तर तो सरकत नाही. वर्डच्या संदर्भाच्या मेनूतून क्रॉस रेफरन्स म्हणून घातला तरच सरकतो, आणि तोही लगेच नाही. सगळं निवडून `Ctrl+A`, मग `F9`, असं केल्यावर ताजा होतो. त्यातही फसायला होतं : मजकुरात उभं राहून `Ctrl+A` दाबलं तर तळटिपा निवडल्याच जात नाहीत. एखाद्या तळटिपेत कर्सर ठेवून तेच पुन्हा करावं लागतं. तुमचे क्रॉस रेफरन्स तर तळटिपांतच असतात. छापायला पाठवायच्या आधी हे दोनदा करता का, तेवढं सांगा.

वकिलसाहेब_विश्रामबाग:
दोनदा करत नव्हतो. आता करीन. पण इबिड वाईट हे यावरून सिद्ध होत नाही.

ग्रंथपाल_कराड:
झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी : इबिड त्यालाच घालू द्या. मध्ये टीप आली की ते स्वतःच आखूड नाव लिहितं. पण मार्गदर्शकांना फाईल पाठवताना ‘अनलिंक’ केलं की सगळा साधा मजकूर होतो, आणि शनिवारपेठकरांचीच गोष्ट पुन्हा सुरू. त्यांना प्रत पाठवा, मूळ फाईल आपल्याकडे ठेवा. दुसरा घोटाळा म्हणजे झोटेरोनं घातलेली टीप हातानं दुरुस्त करणं. हातानं लिहिलेलं ते पुढे बदलत नाही.

पेन्शनर_मिरज:
लॅटिनचा विषय निघालाच आहे तर आमच्या सोसायटीची गोष्ट ऐका. नोटिशीत होतं, ‘पत्त्याचा पुरावा, आय.ई. वीजबिल’. माझं वीजबिल मुलाच्या नावावर. मी पासबुक दिलं तर कारकुनानं परत केलं, म्हणे नोटिशीत वीजबिलच लिहिलंय. दोन महिने अर्ज पडून. आता सांगा, चूक कोणाची?

शनिवारपेठकर (सातारा):
आजोबा, नोटीस लिहिणाऱ्याची. आय.ई. म्हणजे ‘म्हणजेच’, त्यानंतर दुसऱ्या पर्यायाला जागा उरत नाही. त्यांना ‘उदाहरणार्थ’ म्हणायचं होतं, तिथे ई.जी. हवं होतं. कारकुनानं लिहिलं तसं वाचलं. पण हा धागा तळटिपांचा आहे.

हळदवाला (सांगली):
तळटिपा राहू द्या बाजूला. एट अलवर कोणी बोलणार आहे की नाही?

मी संशोधन सहायक होतो. हळदीचे नमुने आमच्या भागातल्या शेताशेतांतून मी गोळा केले. उन्हातान्हात, स्वतःच्या मोटरसायकलवर. पेपरावर पाच नावं, माझं तिसरं. लोक पेपराचा दाखला देतात तेव्हा पहिलं आडनाव आणि पुढे एट अल. ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांचं नाव सगळीकडे, आणि मी ‘इतर’. मुलाखतीत मला विचारलं, या कामात तुमचा सहभाग काय? शुद्ध लेखनाच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

वकिलसाहेब_विश्रामबाग:
नियम सगळ्यांना सारखा आहे. रडून काय होणार? पहिलं नाव मिळवायचं होतं तर पेपर स्वतः लिहायचा.

हळदवाला (सांगली):
तुमच्या अशिलाला असंच बोलता का? नमुनेच नसते तर लिहिणार काय होते ते?

ग्रंथपाल_कराड:
वकीलसाहेब, हे बोलणं योग्य नाही.

हळदवाले, तुमची तक्रार खोटी नाही. आधी एपीए या संदर्भपद्धतीच्या सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असले तर पहिल्या उल्लेखात सगळी नावं लिहावी लागत. म्हणजे तुमचं नाव निदान एकदा मजकुरात आलं असतं. २०१९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून एट अल झालं. पण शेवटच्या संदर्भसूचीत वीसपर्यंत लेखक असले तर सगळ्यांची नावं द्यावीच लागतात. तिथे एट अल लिहून तुमचं नाव उडवलं असेल तर ती चूक आहे, आणि संपादकांना तसं कळवता येतं. मात्र ते मासिक एपीए पाळतं का, हे आधी बघा. व्हँकुव्हर पद्धतीत सहा नावांनंतर सूचीतही एट अल येतं. अर्थात पाच लेखकांत तुमचं नाव तिथेही राहायला हवं.

हळदवाला (सांगली):
सूची वाचतो कोण?

एमए_विटा:
आमच्या सरांनी सांगितलंय, एकापेक्षा जास्त लेखक असले की एट अल. मी दोन लेखकांनाही तसंच लिहिलंय. सोपं पडतं.

शनिवारपेठकर (सातारा):
चूक आहे. दोन लेखकांत पहिल्याचं नाव घेतल्यावर उरतो एकच माणूस. त्याला ‘इतर’ म्हणण्यापेक्षा त्याचं नाव लिहा. दोघांचीही नावं दर वेळी द्यायची. आणि टिंब फक्त अलच्या पुढे, एटच्या पुढे नाही. एट हा पूर्ण शब्द आहे.

याहून मोठा घोळ सारख्या नावांचा होतो. समजा एकाच साली दोन पेपर आले, एक पाटील, शिंदे, कुलकर्णी, मोरे आणि पवार यांचा, दुसरा पाटील, शिंदे, जाधव, देसाई आणि माने यांचा. दोन्हीकडे ‘पाटील एट अल’ लिहिलं तर वाचकानं कुठला पेपर शोधायचा? तिथे एपीए सांगतं, फरक दिसेपर्यंत नावं लिहा : पाटील, शिंदे, कुलकर्णी, एट अल. नावं सरसकट ‘व इतर’ने बदलणाऱ्याला हे दिसणारच नाही.

हळदवाला (सांगली):
म्हणजे तिसऱ्याचं नाव यायला दुसरीकडे पाटील-शिंदे पुन्हा जन्माला यायला हवेत. छान न्याय आहे.

ग्रंथपाल_कराड:
एट अलकडून श्रेयाची अपेक्षा करू नका, ते वाक्य आखूड करायला आहे. श्रेयासाठी वेगळी सोय आहे. बरीच मासिकं आता पेपराच्या शेवटी कोणी काय केलं ते छापतात. क्रेडिट नावाची १४ कामांची यादी आहे, तिच्यात नमुने आणि माहिती गोळा करण्याचं काम वेगळं मोजलं जातं. पुढचा पेपर पाठवायच्या आधी प्रमुख लेखकांना सांगा, हा परिच्छेद हवाच. मुलाखतीत तोच दाखवता येतो.

हळदवाला (सांगली):
आधीच्या पेपराचं काय?

ग्रंथपाल_कराड:
छापून झालेल्या पेपरात तसा परिच्छेद नंतर घालायला बहुतेक संपादक तयार होणार नाहीत. प्रमुख लेखकांकडून पत्र घ्या, नमुने कोणी गोळा केले याचं.

हळदवाला (सांगली):
त्यांनी फोन उचलला तर.

कृष्णाकाठ (सांगली):
माझ्या एका पोस्टवरून गाडी कुठून कुठे गेली. शोधा-बदला करणार नाही, एवढं मान्य. काल प्रकरण तीन वाचलं, त्यात दोन तत्रैव चुकीच्या पुस्तकाखाली बसलेले निघाले. पण लॅटिन कशाला, हा माझा प्रश्न तसाच आहे. मार्गदर्शक इबिडवर अडून बसलेत, आणि विद्यापीठाच्या नियमावलीत दोन्हींपैकी एकही शब्द नाही.

शनिवारपेठकर (सातारा):
नियमावलीत नसेल तर आखूड नावं ठेवून प्रकरण तीन मार्गदर्शकांना द्या, आणि त्या दोन टिपा त्यांना दाखवा. तरीही इबिडच हवं म्हणाले तर तोंडी परीक्षा झाल्यावर घाला, त्याआधी नाही.