'बेळगाव' चार अक्षरी की दोन अक्षरी? (सिलॅबरीला मराठीत काय म्हणायचं?)

टिळकवाडीकर
वाचनालयात जगातल्या लिप्यांवर चार फलक लावायचे आहेत. मजकूर इंग्रजीतून आलाय, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात. अल्फाबेटला वर्णलिपी, अब्जदला व्यंजनलिपी, चिनीच्या प्रकाराला शब्दलिपी आणि सिलॅबरीला अक्षरलिपी, असं मी लिहून मोकळी झाले. अक्षरलिपीखाली 'एका अक्षराला एक चिन्ह' असं समजावून उदाहरण दिलं: बेळगाव, चार अक्षरं.
सहावीतली भाची शेजारी बसली होती. तिला शाळेत टाळ्या वाजवून सिलॅबल मोजायला शिकवलंय. तिने वाजवल्या, बेळ-गाव, दोनच. "मावशी, चार कुठून आली?" आता सांगा, अक्षर म्हणजे नक्की काय? आणि आपली देवनागरी या चारपैकी कुठल्या फलकावर लावू?

निपाणीचा नाना
यात अडायचं काय कारण? अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. बेळगाव चार अक्षरी, शब्दकोड्यात चार घरं लागतात. टाळ्या इंग्रजी शाळेतल्या. आणि देवनागरी या फलकांवर कुठेच लावू नका, तिचा वेगळा फलक करा. जगातली एकमेव शास्त्रशुद्ध लिपी आहे, जसं बोलतो तसं लिहितो, कुठल्याही भाषेतलं काहीही लिहिता येतं. चिन्यांची तर चित्रलिपी, घर काढलं की घर.

खडू-फळा
नाना, जरा दमानं. आता मी लिहिलेला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा', दोन्ही मोठ्याने वाचून बघा. लिहिताना एकच, बोलताना दोन 'ज'.
भाचीचं बरोबर आहे आणि शब्दकोड्याचंही. मी तीस वर्षं सीमाभागात शिकवलं, निम्मी वर्षं कन्नड शाळेत. तिथे हाच शब्द 'बॆळगावि' असा लिहितात. टाळ्या वाजवायला लावल्या तर पोरं बॆ-ळ-गा-वि अशा चार वाजवतात. लिहिलेली अक्षरं चार, टाळ्याही चार. दोन्ही लिप्यांची मांडणी तीच, आपली बाराखडी तशी त्यांची कागुणित. फरक भाषेत आहे. कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतो आणि मधला 'अ' ते पुरता उच्चारतात. आपण शेवटचा 'अ' गिळतो आणि मधलाही जमेल तिथे गिळतो, पण लिहिताना पाय मोडत नाही.
'कापड' म्हणा: का-पड. आता 'कापडाचा' म्हणा: काप-डा-चा. तोच 'प', एकदा 'अ'सकट, एकदा 'अ' गेलेला. कागदावर काही फरक दिसतो का? नव्याने मराठी वाचणारा कन्नड मुलगा 'का-प-डा-चा' असं सगळं फोडून वाचतो. त्याचं काही चुकत नाही, लिहिलंय तेच तो वाचतो.

अनगोळचा
गुरुजी, नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंत. माझ्या आईचं नाव कमल. एका कार्यालयात कन्नडमध्ये नोंदलं गेलं 'कमल'च, पण तिथल्या माणसाने वाचलं क-म-ल, तीन टाळ्या. म्हणून इंग्रजीत लिहिताना KAMALA. दुसऱ्या कागदावर त्या इंग्रजीवरून कुणीतरी परत मराठी केलं, ते झालं 'कमला'. आता दोन कागदांवर दोन बायका आहेत आणि प्रतिज्ञापत्र करा म्हणतात. कुणाला त्याचा नमुना माहीत आहे का?

टिळकवाडीकर
दादा, नमुना माहीत नाही ओ, पण तुमचं उदाहरण मी फलकावर घेणार (नाव बदलून). यात कुठली लिपी चुकली पण?

खडू-फळा
दोन ठिकाणी ठेच लागली. कन्नडमधून इंग्रजीत जाताना शेवटचा 'अ' उच्चारला, तिथे आपल्या आणि त्यांच्या सवयीतला फरक आडवा आला. इंग्रजीतून मराठीत येताना रोमनमध्ये 'अ' आणि 'आ' दोघांना एकच A, म्हणून 'ला' झाला. वर्णलिपी स्वराला व्यंजनाच्या बरोबरीने जागा देते खरी, पण कुणाच्या स्वरांना, ते बघावं लागतं. ग्रीकांनी फिनिशियनांची लिपी घेतली, तिच्यात बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं. त्यातले जे आवाज ग्रीकांना नको होते, ती अक्षरं त्यांनी स्वरांना लावली. अल्फा तिथूनच आला. पुढे रोमन झाली ती लॅटिनच्या मापाने, आपल्या 'कमल'च्या नव्हे.

कॅम्पातली
मी उर्दू शाळेत शिकले, घरी दखनी, बाजारात मराठी-कन्नड. तुमच्या व्यंजनलिपीबद्दल सांगते. उर्दूत 'इस' आणि 'उस' एकसारखेच लिहितात, अलिफ आणि सीन. जेर-पेशची खूण दिली तर कळतं, पण ती पहिलीच्या पुस्तकात, पुढे कोण देतंय? वाक्य पुढे गेलं की समजतं. लहानपणी मी 'उस घर में' वाचलं आणि अब्बा म्हणाले, बेटा, 'इस'.
अरबी शिकवणारे म्हणायचे, अरबीत ही अडचण कमी. क-त-ब ही तीन व्यंजनं लिहायच्या अर्थाची. किताब, कातिब, मकतब, सगळी त्याच घरातली. अर्थाचा सांगाडा व्यंजनांत, स्वर बदलला की पुस्तकाचा लिहिणारा होतो. वाचणाऱ्याला व्याकरण येत असेल तर ऱ्हस्व स्वर तो आपणच भरतो. उर्दूचे शब्द असे बांधलेले नाहीत, म्हणून आम्हाला जास्त अंदाज करावा लागतो. लिपी बापाची, कपडा आईचा, असं काहीतरी.

निपाणीचा नाना
ताई, छान सांगितलंत. म्हणूनच म्हणतो, देवनागरीत 'इस' 'उस' साफ दिसतं.

खडू-फळा
दिसतं, मान्य. आता 'कुठल्याही भाषेतलं काहीही' याकडे येतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ वेगळा आणि दीर्घ ओ वेगळा. 'कॊडु' म्हणजे दे, 'कोडु' म्हणजे शिंग. मी इथे पहिल्यावर मुद्दाम उलट्या मात्रेसारखी खूण टाकलीय, ती मराठीच्या पुस्तकात तुम्ही पाहिली नसेल. साध्या देवनागरीत दोन्ही 'कोडु'. मग दे म्हणतोय की शिंग, अंदाज करा, अगदी ताईंच्या 'इस-उस'सारखं. संस्कृतला ऱ्हस्व ए-ओ नव्हते, म्हणून नागरीत त्यांची सोय नाही. कन्नड अक्षरांत आहे, कारण भाषेला लागत होती.
आणि चिनी ही चित्रलिपी नव्हे. त्यांच्या 'आई'च्या अक्षरात डावीकडे बाई आहे आणि उजवीकडे घोडा. आईचा घोड्याशी काय संबंध? काही नाही. घोड्याला ते 'मा' म्हणतात, आईलाही 'मा', सूर तेवढा वेगळा. एक भाग अर्थ सुचवतो, एक आवाज. बहुतेक अक्षरं अशीच जोडून केलेली.

निपाणीचा नाना
असेल. पण हजारो अक्षरं पाठ करण्यात काय शहाणपण?

अनगोळचा
नाना, तुम्ही रोज करता की. दुकानात '5' लिहिलेलं तुम्ही पाच वाचता, शेजारचा ऐदु वाचतो, कॅम्पातल्या ताई पांच. अक्षर एक, भाषा तीन, भांडण नाही. (प्रतिज्ञापत्राचं कुणी सांगितलं नाही अजून.)

खडू-फळा
वा! शब्दलिपी नेमकी इथे कामाला येते. बीजिंगचा आणि हाँगकाँगचा माणूस बोलून एकमेकांना कळत नाहीत, लिहून बरंचसं कळतं. शिवाय चिनीत सारख्या उच्चाराचे शब्द रग्गड, नुसता आवाज लिहिला तर घोटाळा होईल.

टिळकवाडीकर
सगळं उत्तम, पण माझा सिलॅबरीचा फलक अजून कोराच आहे. खरी सिलॅबरी आणि आपली यात फरक काय, सोप्यात सांगा.

खडू-फळा
आपल्याकडे क, कि, कु लिहिलं तर तिन्हींत 'क' ओळखू येतो, वेलांटी-उकार तेवढा बदलतो. जपानीच्या 'काना' नावाच्या लिपीत का, कि, कु या तीन चिन्हांचं एकमेकांशी काही नातं नाही, तिन्ही वेगळी पाठ करायची. मूळ चिन्हं 46. जपानीला हे परवडतं, कारण त्यांचे आवाज बहुतेक एक व्यंजन आणि एक स्वर असेच, शेवटी फार तर 'न'. जोडाक्षर आलं की पंचाईत. इंग्रजीतला 'स्ट्रीट' त्यांच्याकडे होतो सु-तो-री-तो. आपण 'स्ट्री' एका अक्षरात बसवतो. जुन्या ग्रीसमध्येही लिनिअर बी नावाची अशीच लिपी होती, सोन्याचा 'ख्रुसोस' तिच्यात 'कु-रु-सो' असा लिहिलेला सापडतो. ग्रीक भाषा जोडाक्षरांची, लिपी सुट्या अक्षरांची. म्हणून तुमच्या फलकावर जपानी लावा, देवनागरी नको.

मोडीवाला (शहापूर)
मग देवनागरीला काय म्हणायचं, मूळ प्रश्न तोच होता ना? मला वाटतं 'अक्षरलिपी' हे नाव आपल्यालाच राहू दे. जपान्यांना 'टाळीलिपी' द्या. आणि शास्त्रशुद्धपणाबद्दल: माझ्याकडे आजोबांचे मोडी कागद आहेत, त्यात 'दिन' आणि 'दीन' एकच. ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतंय! कारकुनाला हात न उचलता भरभर लिहायचं होतं, लिपी त्याच्या कामाची. त्यात कुणी नावं ठेवली का कारकुनाला?

कॅम्पातली
टाळीलिपी! 😄 जपानी लोक रागावतील.

खडू-फळा
इंग्रजीत आपल्या गटाला 'अबुगिडा' म्हणतात. पीटर डॅनियल्स या अभ्यासकाने 1990 मध्ये ते रूढ केलं. इथिओपियाच्या लिपीतल्या अक्षरांच्या अ-बु-गि-दा या क्रमावरून घेतलं, 'अब्जद' जसं अरबीतल्या अलिफ-बे-जीम-दालवरून.

अनगोळचा
म्हणजे त्यांनी त्यांच्या मुळाक्षरांवरून ठेवलं. आपण आपल्यावरून ठेवू, 'बाराखडी लिपी'. कन्नड, तेलुगू, गुजराती सगळे आत येतात.

निपाणीचा नाना
बारा कुठे राहिल्या? आता अॅ आणि ऑ धरून चौदा शिकवतात. 'चौदाखडी लिपी' म्हणणार का? शिवाय लिपीच्या नावात आकडा कुठे असतो! 'अबुगिडा' तर मुळीच नको, गिधाडासारखं वाटतं.

टिळकवाडीकर
फलक शुक्रवारी छापायला जायचे आहेत. तूर्त जपानीच्या फलकावर 'अक्षरलिपी' तसंच ठेवते, देवनागरी-कन्नडचा पाचवा फलक करते, मथळा 'बाराखडी लिपी'. उदाहरण बेळगाव आणि बॆळगावि शेजारी शेजारी, खाली टाळ्यांचे हात काढायचे, दोन आणि चार. भाचीच काढतेय.

मोडीवाला (शहापूर)
पण मग 'अक्षर' म्हणजे काय हे राहिलंच की. वृत्त मोजताना 'बेळगाव' चार अक्षरी धरतात, 'ळ' लघु धरून. तिथे टाळ्या चालत नाहीत.

निपाणीचा नाना
तेच मी पहिल्यापासून सांगतोय.

खडू-फळा
जुन्या वृत्तांत 'अ' उच्चारूनच म्हणायचे नाना, ओवी ऐका कधी जात्यावरची, शेवटचं अक्षर कसं लांबवतात.

अनगोळचा
आईला विचारलं. ती म्हणते, "लहानपणी सगळे मला कमळी म्हणायचे, तेच लिहा." आता तिसरं नाव. कुणीतरी नमुना पाठवा ओ.