मदत हवी आहे: नो कॉस्ट ईएमआयचा खरा व्याजदर कसा काढायचा?

एका वस्तूची किंमत १२,००० आहे, नो कॉस्ट ईएमआय घेतला तर दर महिन्याला २,००० असे सहा हप्ते, पण एकरकमी भरले तर ६०० ची सूट मिळते आणि ती हप्त्यांवर नाही, वर सुरुवातीलाच २०० प्रोसेसिंग फी. म्हणजे माझ्या हिशोबाने कर्ज खरं तर ११,२०० चंच झालं ना आणि फेडायचे १२,०००? ८०० जास्त म्हणजे साधारण ७ टक्के वाटतात, पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं, म्हणून एक्सेलमध्ये =RATE(6,-2000,11200) टाकलं तर महिन्याला २ टक्के आलं, म्हणजे वर्षाला २४!! (कसलं डोंबलाचं नो कॉस्ट.) सूट आणि फी अशी मुद्दलातून वजा करणं बरोबर आहे का? जाणकारांनी प्लीज सांगा.