मदत हवी आहे : भाऊ निर्दोष सुटला, आता हायकोर्टाची नोटीस आली

केजची_मनीषा : भावाची केस संपली होती. काल पोलीस स्टेशनचा शिपाई घरी येऊन औरंगाबाद खंडपीठाची नोटीस देऊन गेला. निर्दोष सुटलेल्या माणसाला परत कसं बोलावतात? त्याला अटक होईल का? आईनं कालपासून जेवण सोडलंय. लवकर सांगा.

परळीवाला : ताई, घाबरू नका. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही, घटनेच्या कलम २० मध्येच आहे. वकिलाकडून तसं उत्तर पाठवा, विषय संपला.

जालना_वकील : परळीवाले, अर्धंच बरोबर आहे. नवा खटला चालत नाही, पण अपील म्हणजे नवा खटला नव्हे. त्याच खटल्याचा तो पुढचा टप्पा आहे. मनीषाताई, कलम कोणतं होतं, सुटका मॅजिस्ट्रेटकडून झाली की सेशनकडून, आणि अपील सरकारचं आहे की फिर्यादीचं? नोटिशीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

शेतकरी_लातूर : आमचाही बांधाचा दावा २०११ पासून चालू आहे. मोजणी दोनदा झाली, तरी समोरचा ऐकत नाही. तुम्ही तहसीलदाराकडं अर्ज दिला का?

केजची_मनीषा : तहसीलदाराचा काय संबंध? खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ होतं. बांधावरून भांडण झालं, समोरच्याच्या डोक्याला कुऱ्हाड लागली. सेशन कोर्टानं १० ऑक्टोबरला सोडलं. सुटताना जामीनदार देऊन बाँड लिहून घेतला होता, त्याचे सहा महिने संपलेत.

परळीवाला : मग तर संपलंच की! बाँडची मुदत गेली म्हणजे अपिलाचीही गेली.

जालना_वकील : नाही हो. वरच्या कोर्टाची नोटीस आली तर हजर राहीन, एवढंच त्या बाँडमध्ये असतं. बाँड संपला म्हणून अपील थांबत नाही. सरकारला अपिलाला ९० दिवस असतात, निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. ताई, अपील कधी दाखल झालं ते नोटिशीत बघा.

केजची_मनीषा : १७ एप्रिल. अपील शासनाचं आहे. वर लिहिलंय, ‘८४ दिवसांच्या विलंब माफीचा अर्ज’.

जालना_वकील : हेच पाहिजे होतं. म्हणजे अपील अजून दारातच उभं आहे. १० ऑक्टोबर ते १७ एप्रिल १८९ दिवस होतात. त्यातून ९० गेले की ९९ उरतात. नकलेचे १५ दिवस वजा धरून त्यांनी ८४ लिहिलेत. त्या १५ दिवसांचा हिशोब नकलेच्या शिक्क्यावरच्या तारखांशी ताडून बघा. पहिली लढाई उशिराची. फाइल विधी व न्याय विभागात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, एवढं कारण पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१२ साली पोस्ट खात्याच्या प्रकरणात सांगितलंय. तरी अशा केसेसमध्ये कोर्ट बऱ्याचदा उशीर माफ करतं, म्हणून त्याच एका भरवशावर राहू नका.

उशीर माफ झाला तरी अपील करायची परवानगी सरकारला वेगळी मागावी लागते. ती मिळाली की अपील दाखल करून घेतात, आणि तेव्हा कोर्ट वॉरंट काढून जामीन द्यायला लावू शकतं. अटकेची भीती खरी तिथं आहे, आज नाही. मात्र भाऊ पुण्याला गेला, पत्ता बदलला आणि नोटीस परत गेली, की साधी गोष्टही वॉरंटवर जाते.

बीडचा_नाना : वकीलसाहेब सगळं सरळ सांगायलेत, पण हायकोर्ट सोडलेल्याला शिक्षाही देतं. आमच्या गावात झालंय. पोरीला खोटा दिलासा नको.

जालना_वकील : नाना, खोटा दिलासा देत नाही. हायकोर्ट सगळा पुरावा नव्यानं वाचू शकतं आणि शिक्षाही देऊ शकतं. पण खालच्या कोर्टाचं मत पुराव्यावरून शक्य कोटीतलं असेल, तर आपल्याला वेगळं वाटतं एवढ्यावरून ते बदलत नाहीत. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक, २००७, या निकालात हे नीट मांडलंय. म्हणून विचारतो ताई, न्यायाधीशांनी सोडलं कशावरून?

केजची_मनीषा : पंच फुटले. कुऱ्हाडीवरच्या रक्ताचा गट निघाला नाही. फिर्याद दोन दिवसांनी दिली होती.

जालना_वकील : आणि जखमी माणसाची साक्ष?

केजची_मनीषा : त्यानं भावाचंच नाव घेतलं. पण कोर्टात सांगितलेल्या काही गोष्टी पोलीस जबाबात नव्हत्या.

जालना_वकील : सरकारचा सगळा जोर त्याच साक्षीवर राहणार. जखमी साक्षीदार सहसा खऱ्याला सोडून दुसऱ्याला गुंतवत नाही, असं कोर्टं धरतात. पंच फुटले, रक्तगट निघाला नाही, तरी ती साक्ष एकटी उभी राहू शकते. त्यामुळं निकालातला त्या साक्षीचा भाग शब्दन् शब्द वाचा. न्यायाधीशांनी विसंगती कुठली पकडली? तो माणूस कुऱ्हाड कोणी मारली हेच आधी बोलला नव्हता, तर भावाची बाजू भक्कम आहे. नुसतं किती वाजले, कोण कुठं उभं होतं असलं काही असेल, तर अपिलात धार आहे.

परळीवाला : आणि हायकोर्टानं शिक्षा दिलीच तर?

जालना_वकील : दहा वर्षं किंवा जास्त दिली, तर सुप्रीम कोर्टात अपील हक्कानं करता येतं. त्यापेक्षा कमी असेल तर आधी तिथं परवानगी मागावी लागते.

बीडचा_नाना : जखमीच्या घरच्यांनी स्वतः वेगळं अपील केलं असेल तर? त्यांना तर परवानगीही लागत नाही म्हणतात.

जालना_वकील : बरोबर, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंच तसं ठरवलंय. ताई, नोटिशीत त्यांचं नाव आहे का?

केजची_मनीषा : फक्त महाराष्ट्र शासन आहे. पण ते गावात ‘आम्हीबी गेलोय वर’ असं सांगत फिरायलेत. खंडपीठातल्या वकिलाकडं उद्या निघतोय, निकालाची नक्कल सोबत घेतलीय.

शेतकरी_लातूर : निघताय तर मोजणीचा नकाशाही घेऊन जा, उपयोगी पडतो.