शब्दचर्चा : 'सरीअ' आणि 'मुतवातिर' या दोन्हींना इंग्रजीत 'रॅपिड' म्हणावं का?

काळी_शाई
इब्न सीनाच्या 'अल-कानून फित्-तिब'मधल्या नाडीच्या प्रकरणाचा एक उतारा जुन्या हस्तलिखितावरून इंग्रजीत आणते आहे. दूदी, म्हणजे अळीसारख्या नाडीच्या वर्णनाशी अडले आहे. मजकूर साधारण असा: ही नाडी मौजीसारखीच, म्हणजे लाटेसारख्या नाडीसारखीच, पण लहान आणि फार मुतवातिर असते; तिच्या तवातुरामुळे ती सरीअ असल्याचा भास होतो, पण ती सरीअ नसते.

मी 'मुतवातिर'ला 'फ्रिक्वेंट' आणि 'सरीअ'ला 'स्विफ्ट' घातलं. संपादकांचा शेरा आला की दोन्ही शब्द जुनाट आहेत, अर्थ एकच आहे, दोन्हीकडे 'रॅपिड' करा. तसं केलं तर वाक्य होतं, 'नाडी रॅपिड असते, त्यामुळे ती रॅपिड भासते, पण ती रॅपिड नसते.' काय करावं?

दोआब
मुतवातिर म्हणजे लागोपाठ, सतत. उर्दूत आपण रोज ऐकतो. 'कंटिन्युअस' घाला, प्रश्न मिटला. त्याच्या उलट मुतफावित, म्हणजे कमीजास्त, अनियमित.

नब्ज़शनास
दोआबभाऊ, 'लागोपाठ' इथपर्यंत बरोबर. पण 'कंटिन्युअस' केलंत तर दोन ठोक्यांमधली विश्रांतीच नाहीशी होते, आणि इथे सगळा मुद्दा त्या विश्रांतीचाच आहे. मी मालेगावात युनानी दवाखाना चालवतो. आमच्या शिक्षणात हे शब्द आजही असेच शिकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाडीच्या एका ठोक्यात रक्तवाहिनी फुगते, क्षणभर थांबते, आकसते, पुन्हा थांबते. दोन हालचाली आणि दोन विश्रांती. सरीअ हा हालचालीचा गुण आहे: बोटाखाली वाहिनी किती झटकन उचलली गेली. मुतवातिर हा विश्रांतीचा गुण आहे: एक ठोका संपल्यावर दुसरा किती लवकर आला. मिनिटाला साठ ठोके पडणाऱ्या दोन नाड्या घ्या. एकीत ठोका झटक्यात उठतो आणि पडतो, मग बराच वेळ शांत. दुसरीत तो हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, आणि पुढचा ठोका लगेच सुरू होतो. घड्याळ लावून मोजाल तर दोन्ही साठच. पण पहिली सरीअ, आणि दुसरी सरीअ नसून मुतवातिर.

दूदीत नेमकं हेच होतं. ठोके इतके जवळजवळ येतात की नवख्या बोटाला नाडी झपाट्याने चालल्यासारखी वाटते, पण एकेक ठोका मंदच असतो. ते वाक्य वैद्याला दिलेला इशारा आहे. संपादकांनी 'रॅपिड' केलं की इशाराच पुसला जातो.

आणि मुतफावितचं म्हणाल, तर आजच्या अरबीत किंवा उर्दूत तो 'वेगवेगळा, असमान' असेल, पण 'कानून'मध्ये तो मुतवातिरचा विरुद्धार्थी आहे: ठोके दूर दूर पडणारी नाडी. अनियमित नाडीला तिथे 'मुख्तलिफ' हा वेगळाच शब्द आहे. आजचा कोश उघडून भाषांतर करणारे इथे हमखास फसतात. निदान बदलून जातं, आणि इंग्रजी वाक्य गुळगुळीत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

काळी_शाई
हकीमसाहेब, संपादकांना मजकुरातलाच पुरावा दाखवता येईल का? 'परंपरेत असं शिकवतात' एवढ्यावर ते मानणार नाहीत.

नब्ज़शनास
येईल. त्याच प्रकरणात गज़ालीचं, म्हणजे हरणासारख्या नाडीचं वर्णन बघा. एकाच ठोक्यात ती आधी बतीअ, म्हणजे मंद असते, मग खंडते, आणि मग सरीअ होते. सरीअ म्हणजे मिनिटाला किती ठोके, असं असतं तर एका ठोक्याच्या पोटात ते बदलणार कसं? एका ठोक्याला दर नसतो.

सुलभा_ताई
मला यातलं फार कळत नाही, पण नाडीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आईचं बीपी १४०/९५ आलं. खालचा आकडा डायस्टोलिकचा ना? तो नाडीच्या फुगण्याचा असतो का? वर वाहिनी फुगते-आकसते असं लिहिलंय म्हणून विचारलं.

मृगशीर्ष
ताई, नाही, उलटं आहे. खालचा आकडा हृदय सैल पडलेलं असतानाचा, म्हणजे वाहिनीतला दाब सगळ्यात कमी असतानाचा. आकडे मात्र डॉक्टरांना दाखवा, ते इथे ठरवण्यासारखं नाही.

पण ताईंच्या प्रश्नाने एक खरी अडचण पुढे आली. काळी_शाई, याच प्रकरणाच्या सुरुवातीला नाडीची व्याख्या आहे: रूह असलेल्या वाहिन्यांची, इन्बिसात आणि इन्किबाद मिळून झालेली हालचाल. इन्बिसातला तुम्ही काय घातलंत?

काळी_शाई
'डायस्टोल'. जुन्या इंग्रजी वैद्यकात धमनीच्या फुगण्याला हाच शब्द आहे, म्हणून निर्धास्त होते.

मृगशीर्ष
जुन्या इंग्रजीत आहे हे खरं. गॅलेनच्या मते धमनी स्वतःच्या शक्तीने भात्यासारखी फुगायची, आणि त्या फुगण्याला डायस्टोल म्हणायचे. इब्न सीनाही त्याच वाटेने जातो. त्याच्या व्याख्येत पुढे रूह हवेने थंड करण्यासाठी ही हालचाल होते असं आहे. १६२८ मध्ये हार्वेने दाखवून दिलं की हृदय आकुंचन पावतं आणि त्या रेट्याने धमनी फुगते. म्हणजे धमनीचं डायस्टोल ते हृदयाचं सिस्टोल. आजचा वाचक 'डायस्टोल' वाचताच हृदय सैल पडल्याचं समजतो आणि पूर्ण विरुद्ध क्षण डोळ्यांपुढे आणतो. म्हणून 'फ्रिक्वेंट' ठेवा आणि 'डायस्टोल' काढा, असं माझं मत. 'फ्रिक्वेंट' आजच्या वाचकाला जुना वाटेल, पण चुकीच्या जागी नेणार नाही. 'डायस्टोल' ओळखीचा वाटतो आणि चुकवतो. 'डायलेटेशन ऑफ द आर्टरी' लिहा.

दोआब
पण मग ही जनावरांची नाडी आपल्याकडूनच गेली ना? शार्ङ्गधरात साप, बेडूक, हंस आहेतच.

मृगशीर्ष
शार्ङ्गधर इब्न सीनाच्या नंतरचा. इब्न सीना वारला १०३७ मध्ये. आणि चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षेचा असा विस्तार नाही. मुंगी, उडी मारणारं हरीण ही नावं ग्रीकांमध्ये आधीपासून होती. आपल्याकडे नाडीपरीक्षा कुठून आली यावर वाद आहेत, पण 'आपल्याकडून गेली' याला आधार दिसत नाही.

काळी_शाई
मग दूदीचं वाक्य असं करते: 'छोटी आणि अतिशय फ्रिक्वेंट; तिच्या फ्रिक्वेन्सीमुळे ती स्विफ्ट भासते, पण ती स्विफ्ट नसते', आणि खाली दोन ओळींची टीप, की स्विफ्ट म्हणजे ठोक्याची गती आणि फ्रिक्वेंट म्हणजे ठोक्यांमधलं अंतर कमी. गज़ालीचा दाखलाही तिथेच देईन. 'डायस्टोल' काढला.

आता गज़ालीसाठी इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजी कोशांत 'कॅप्रिझंट' मिळतो.

नब्ज़शनास
'कॅप्रिझंट' शेळीवरून आलाय, गज़ाल म्हणजे हरीण. आमच्याकडे कोणी शेळी म्हणणार नाही. 'गझेल पल्स' करा.

मृगशीर्ष
इथे माझं वेगळं मत. ग्रीक शब्दात हरीणच होतं, लॅटिनमध्ये त्याची शेळी झाली आणि इंग्रजीने तीच उचलली, हे खरं. पण इंग्रजी वैद्यकाचा इतिहास शोधणारा अभ्यासक 'कॅप्रिझंट' हाच शब्द शोधणार. 'गझेल' लिहिलंत तर त्याला हा उतारा सापडणारच नाही.

नब्ज़शनास
सापडावा म्हणून सूचीत 'कॅप्रिझंट' टाका. मजकुरात मात्र इब्न सीनाने लिहिलेलं जनावरच राहू द्या.

काळी_शाई
हस्तलिखिताच्या समासात कोणीतरी गज़ालीजवळ टीप केली आहे, पण तिच्यावरचे नुक्ते पुसलेत. ती नीट लागली की मग हा शब्द ठरवेन.