विषय: एकत्र मागणी – इडली-डोशाचं पीठ, फ्रोजन पराठे की तयार पोळ्या?

मृणाल:
नमस्कार मंडळी,
पाच घरांची मिळून एकच मागणी नोंदवायची आहे. किलोचा भाव पाहिला तर इडलीचं पीठ सगळ्यांत स्वस्त दिसतंय आणि त्यावरची तारीखही १२ दिवस पुढची आहे. तेच जास्त घेऊन ठेवू का?

वर्षा:
मृणाल, किलोशी किलो ताडून पाहू नकोस. पिठात साठ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. किलोभर पाकिटात तांदूळ आणि उडीदडाळ मिळून साधारण ४०० ग्रॅम. पोळीत पाणी एकतृतीयांशच्या आसपास, म्हणजे ४० ग्रॅमच्या १० पोळ्यांत कणीक २६० ग्रॅमच्या जवळपास. म्हणून पिठाच्या किलोच्या भावाला अडीचने गुण, पोळ्यांच्या भावाला दीडने, आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेव. अंदाजच आहे, पण पाण्याचे पैसे किती जातात ते कळतं.

तारखेचं म्हणशील तर पीठ फ्रीजमध्येही आंबतच राहतं, फक्त हळू. पॅकिंगनंतरचे पहिले ३-४ दिवस इडलीचे. पुढे आंबटपणा वाढतो, आतली हवा निघून जाते आणि इडली चपटी, चिवट होते. त्या पिठाचा डोसा मात्र चांगला कुरकुरीत होतो, त्याहून आंबट झालं तर उत्तप्पा. तेव्हा शेवटची तारीख सोड, पॅकिंगची तारीख बघ. १२ दिवस उरलेत म्हणून १२ दिवस इडल्या होतील असं नाही.

श्रीकांत:
वर्षाताईंशी सहमत. दोन गोष्टींची भर: पाकीट फुगलेलं असेल तर पीठ खराब समजून टाकून द्यावं. आणि फार आंबट झालं तर चिमूटभर सोडा घातला की इडली हलकी होते. पोळ्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. फ्रोजन पराठे मी घेतच नाही, इतके महिने टिकतात म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह असणारच.

वर्षा:
श्रीकांत, सोड्याने इडली फुगते हे खरं. पण प्रमाण जरा चुकलं की ती पिवळट होते आणि साबणासारखी चव येते. पाकीट फुगतं ते आंबताना वायू तयार होतो म्हणून. तारखेच्या आतलं, नीट थंड ठेवलेलं पीठ तेवढ्यावरून टाकू नये. उघडल्यावर गुलाबी, काळे किंवा केसाळ ठिपके दिसले, किंवा आंबटऐवजी कुजका वास आला, तर मात्र सगळंच टाकायचं. वरचा थर काढून उरलेलं वापरायचं नाही.

पराठ्यांना टिकवते ती थंडी. बऱ्याच पाकिटांवर प्रिझर्व्हेटिव्हचं नावही नसतं. कपाटात कित्येक दिवस मऊ राहणाऱ्या पोळ्यांच्या घटकांत मात्र कॅल्शियम प्रोपिओनेट किंवा सॉर्बिक आम्ल बऱ्याचदा सापडेल. पराठ्यात बघायची ती चरबी. समजा तक्त्यात १०० ग्रॅमला १८ ग्रॅम लिहिलीय आणि पराठा ८० ग्रॅमचा आहे, तर एका पराठ्यात १४ ग्रॅमहून जास्त, म्हणजे तीन चहाचे चमचे तेल, तव्यावर काही न सोडताच! समोर ठळक ‘गव्हाचा’ लिहिलेलं असलं तरी मागे घटकांत पहिलं नाव मैद्याचं आहे का ते बघ. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात.

सुधाकाकू:
पराठ्यांवरून आठवलं. मी रात्रीच बाहेर काढून ठेवते, तर सकाळी प्लास्टिकच्या कागदाला चिकटतात आणि पदर सुटतच नाहीत. कुठल्या कंपनीचे घ्यावेत?

वर्षा:
काकू, कंपनी बदलून फरक पडणार नाही. ते कच्चे असतात. बाहेर राहिले की पदरांमधली चरबी वितळते, पीठ सैल पडतं आणि पदर एक होतात. फ्रीजरमधून थेट मध्यम आचेच्या तव्यावर टाका, मऊ पडला की उलटा, मग दोन्ही बाजू खरपूस भाजा. दुकानातच पराठे एकमेकांना घट्ट चिकटलेले किंवा आत बर्फाचा चुरा दिसला, तर ते पाकीट मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलंय. ते घेऊ नका.

मृणाल:
आणि पोळ्या फ्रीजमध्येच ठेवायच्या ना?

वर्षा:
दोन दिवसांत संपणार असतील तर बाहेर, पाकिटावर चालतं म्हटलं असेल तर. नाहीतर फ्रीजर. भाजलेल्या पोळीतलं स्टार्च फ्रीजच्या थंडीत सगळ्यांत लवकर कडक होतं, त्यामुळे मोडते. गोठवताना दोन-दोनमध्ये बटर पेपर घाल आणि तशाच गरम तव्यावर टाक.

श्रीकांत:
मग पीठही गोठवू या की! जास्त घेता येईल.

वर्षा:
डोशापुरतं ठीक. इडली दडस होते असं माझं मत.

सुधाकाकू:
माझी होत नाही. वितळल्यावर दोन तास उबेला ठेवते, पुन्हा फुगतं.

मृणाल:
मग पिठाची पाकिटं घरटी एकच, या आठवड्यातल्या पॅकिंगची. पराठे फ्रीजरच्या जागेप्रमाणे. सुधाकाकूंसाठी पिठाची दोन पाकिटं जास्त लिहिते. त्यातलं एक गोठवून इडली कशी होते ते कळवा.