अनुभव धागा: ऑनलाइन वस्तूंचे रिव्ह्यू तुम्ही कसे वाचता?

मखमलाबादकर
नमस्कार मंडळी. आईचा मिक्सर आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय, नवा घ्यायचाय. एका शॉपिंग ॲपवर 750 वॉटचा, तीन भांड्यांचा मिक्सर दिसतोय. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. किंमत मात्र मेन रोडच्या दुकानात मिळणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांच्या जवळपास निम्मी. रेटिंग 4.3, तेही हजाराहून जास्त लोकांचं. रिव्ह्यू उघडले तर सगळं गोडगोड: "अतिशय सुंदर प्रॉडक्ट, पॅकिंग मस्त, डिलिव्हरी वेळेच्या आधी, पैसा वसूल." वाचून मनात पाल चुकचुकते, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

तुम्ही स्वतः रिव्ह्यू वाचताना काय बघता? विकतचं कौतुक कधी ओळखता आलं का? अनुभव लिहा. "ऑनलाइन घेऊच नका" हे उत्तर नको. आईला जिने उतरवत नाहीत आणि माझी शिफ्ट दुकानं बंद झाल्यावर सुटते.

रविवार कारंजा
सोपं आहे. 5 स्टारवाले विकतचे, 1 स्टारवाले स्पर्धक कंपनीचे, दोन्ही वाचायचे नाहीत. 3 स्टारवाले तेवढे खरे. आणि ज्याच्यापुढे "व्हेरिफाइड खरेदी" लिहिलंय तेच धरायचे, कारण त्यांनी पैसे मोजलेले असतात. मी वॉशिंग मशीन असंच निवडलं, अजून कुरकुर नाही.

अंबडचा गाळा
दादा, 3 स्टारवाले वाचायचे हे बरोबर, पण बाकीचं जरा थांबून बघू. मी स्वयंपाकघरातल्या वस्तू ऑनलाइन विकतो, अंबडला छोटा गाळा आहे. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी एजंट "रिव्ह्यू वाढवून देतो" म्हणून फोन करतो. त्यामुळे ही साखळी कशी चालते ते जवळून माहीत आहे.

एजंटचे टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर ग्रुप असतात. तिथे रोज वस्तूंची यादी पडते. ग्रुपमधला माणूस स्वतःच्या खात्यावरून, स्वतःचे पैसे भरून ती वस्तू मागवतो. ऑर्डरचा स्क्रीनशॉट एजंटला पाठवतो. पार्सल आलं की चार-सहा दिवस थांबायचं, लगेच लिहिलं तर ॲपला संशय येतो. मग 5 स्टार, दोन फोटो, पाच-सहा ओळी. रिव्ह्यू ॲपवर दिसू लागला की त्याचा स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी एका फॉर्ममध्ये भरायचा. त्यानंतर वस्तूचे पैसे परत मिळतात, कधी पूर्ण, कधी थोडे कापून. वस्तू फुकट पडते.

आता यात "व्हेरिफाइड" शिक्का खोटा कुठे आहे? खरेदी खरीच झाली. शिक्का एवढंच सांगतो की त्या खात्यावरून ऑर्डर गेली. शेवटी पैसे कोणाच्या खिशातून गेले ते ॲपला कळत नाही.

अशा रिव्ह्यूची खूण त्याच्या घाईत सापडते. त्या माणसाला वस्तू वापरायची नसते, मुदतीत रिव्ह्यू लिहायचा असतो. म्हणून तो जे पहिल्या दिवशी दिसतं तेवढंच लिहितो: खोका, रंग, डिलिव्हरी, किंमत. फोटोत मिक्सर पलंगावर किंवा फरशीवर असतो, भांडी कोरी, वायर अजून तारेने बांधलेली. आणखी एक बघा, लिस्टिंगचं लांबलचक नाव वाक्यात जसंच्या तसं येतं: "हा 750 वॉट हेवी ड्यूटी कॉपर मोटर मिक्सर ग्राइंडर मी घेतला." घरात असं कोण बोलतं?

ताई, एक काम करा. रिव्ह्यू "नवे आधी" असे लावा आणि अगदी शेवटपर्यंत खाली जा. सगळ्यात जुने रिव्ह्यू कशाबद्दल आहेत ते इथे सांगा.

पंचवटीची लेक
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. वडिलांना फोनवर मेसेज आला, "घरबसल्या हॉटेलना रेटिंग द्या, प्रत्येक रेटिंगचे पैसे." पहिल्या दिवशी खरंच दीडशे रुपये जमा झाले. मग "प्रीपेड टास्क" सुरू झालं: आधी तुम्ही भरा, मग जास्त परत. ते भरत गेले, परत काही आलं नाही. 1930 वर फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, पैसे अजून अडकलेलेच आहेत. धाग्याचा प्रश्न खरेदीचा आहे हे कळतंय, पण रेटिंगच्या नावाखाली हेही चाललंय म्हणून लिहिलं. कुणाच्या घरी असा मेसेज आला असेल तर एक रुपयाही भरू देऊ नका.

अंबडचा गाळा
लिहिलंत ते बरं केलंत. रिव्ह्यूच्या ग्रुपमध्येही लोकांचे पैसे बुडतात. एजंट ग्रुप बंद करून गायब होतो. रिव्ह्यू मात्र लिस्टिंगवर तसाच राहतो.

सिडको मिक्सर दुरुस्ती
मी मिक्सर उघडतो, रिव्ह्यूतलं मला फार कळत नाही. पण कोणत्या माणसाने मशीन खरंच वापरलंय ते वाक्यावरून कळतं. वापरणारा भांड्याखालच्या कपलरबद्दल लिहितो. दात झिजले, भांडं फिरताना खडखडतं, झाकणाच्या रबरातून पाणी गळतं, ओल्या नारळाला चालतो पण शेंगदाण्याच्या कुटाला मोटार गरम होते, खालचं लाल बटण दाबल्याशिवाय परत सुरू होत नाही. हे पहिल्या आठवड्यात कुणाला लिहिता येणार नाही.

1 स्टारवाले सगळे स्पर्धकांचे, हे मला पटत नाही. पण सगळे उपयोगाचेही नसतात. "पहिल्याच दिवशी जळका वास आला" असं बरेच जण लिहितात. नव्या मोटारीच्या वायंडिंगवरचं वार्निश तापलं की सुरुवातीला थोडा वास येतो, कंपनीच्या पुस्तिकेतही ते लिहिलेलं असतं. "चार महिन्यांनी वास आला आणि बंद पडला" ही तक्रार वेगळी, ती खरी मानायची.

रविवार कारंजा
काका, मग 5 आणि 1 दोन्हीकडे गर्दी आणि मध्ये ओस, असं दिसलं तर ते बनावट नाही का? मी तर तोच नियम धरला होता.

अंबडचा गाळा
तेवढ्यावरून म्हणता येत नाही. खूश झालेला लिहितो, चिडलेला लिहितो, "ठीक आहे" वाटणारा लिहायला बसतच नाही. चांगल्या, खऱ्या वस्तूंचंही चित्र तसंच दिसतं. मी स्टारच्या पट्ट्यांपेक्षा तारखा बघतो. महिनाभर दोन-चार रिव्ह्यू आणि मग एका आठवड्यात अचानक 40, सगळे 5 स्टार, तर तिथे विचारायचं, त्या आठवड्यात काय घडलं? सेल असेल तर गर्दी होते, पण सेलच्या गर्दीत 2 आणि 3 स्टारही येतात.

नाशिकरोडची माई
तारखांवरून ठरवू नका हो. माझी घरगुती मेस आहे, मुलं जेवायला येतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी निरोपाच्या दिवशी पंगतीत बसूनच फोनवर कौतुक लिहिलं, माझ्याच वायफायवरून. दुसऱ्या दिवशी बघते तर बरेचसे दिसेनासे झाले. एकालाही मी पैसे दिले नव्हते, उलट मुलांनीच आग्रह करून मला जिलेबी खाऊ घातली. आता पाटीवर क्यूआर कोड लावलाय आणि "रिव्ह्यू लिहा, ताक मोफत" असं लिहावं म्हणते.

अंबडचा गाळा
माई, तुमचा मुद्दा खरा आहे. एका दिवसातली गर्दी ही शंका, पुरावा नव्हे. तिच्यासोबत दुसरी खूणही जुळायला हवी. तुमच्या मुलांनी कोणती भाजी, कोणता वार, उपवासाला काय मिळतं असं लिहिलं असेल, ते विकतच्या कौतुकात येत नाही. पण ताकाची ओळ पाटीवर नको. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही द्यायला गूगल मनाई करतं, अगदी सवलतसुद्धा. नुसतं "रिव्ह्यू लिहा" म्हटलेलं चालतं.

मेरीची वाचक
नक्कल पकडायची माझी पद्धत सांगते. रिव्ह्यूतलं जरा वेगळं वाटणारं एक अख्खं वाक्य उचलायचं, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्ह लावून गूगलवर शोधायचं. केसांच्या तेलाच्या एका रिव्ह्यूत "माझ्या सासूबाईंनाही फरक जाणवला" असं होतं. तेच वाक्य दुसऱ्या कंपनीच्या तेलाखाली आणि तिसऱ्या कंपनीच्या शाम्पूखाली सापडलं, प्रत्येक ठिकाणी लिहिणाऱ्याचं नाव वेगळं. फोटोही गूगल लेन्समध्ये टाकून बघते.

यंत्राकडून लिहून घेतलेल्या रिव्ह्यूपुढे मात्र ही पद्धत लंगडी पडते, कारण तिथे प्रत्येक वेळी वाक्य नवं असतं. पूर्वी मी बनावट रिव्ह्यू हेरणारं फेकस्पॉट हे साधन वापरायचे, मोझिलाने ते 1 जुलै 2025 ला बंद केलं.

रविवार कारंजा
यंत्राची मराठी लगेच कळते की. "हे उत्पादन माझ्या अपेक्षा ओलांडते." असं माणूस लिहीत नाही.

मेरीची वाचक
तिथे गफलत होते. इंग्रजीत लिहिलेल्या खऱ्या रिव्ह्यूचं ॲपनेच भाषांतर करून दाखवलेलं असू शकतं. गूगल मॅप्सवर तर हे सर्रास होतं, खाली "मूळ पाहा" असतं, ते दाबून बघावं. शिवाय माझी मावशी स्वतःचं खरं मत फोनला सांगून त्याच्याकडून नीटनेटकं लिहून घेते. भाषा यंत्राची, अनुभव तिचा. तो रिव्ह्यू खोटा म्हणायचा का? मला नाही वाटत.

रविवार कारंजा
मला वाटतं. वाचणाऱ्याला कसं कळणार की मागे मावशी आहे?

मखमलाबादकर
अंबडच्या दादांनी सांगितलं तसं शेवटपर्यंत खाली गेले. वेळ लागला, पण डोळे उघडले. सगळ्यात जुने रिव्ह्यू मिक्सरचे नाहीतच! "दोरी ओढली की कांदा बारीक होतो", "मुलीच्या हॉस्टेलसाठी घेतला, लाइट लागत नाही", "पातं धारदार आहे, जपून धुवा". हे सगळं हाताने ओढायच्या चॉपरबद्दल आहे. मिक्सरबद्दलचे रिव्ह्यू गेल्या दीड-दोन महिन्यांतलेच, त्यातले बहुतेक एकाच आठवड्यातले.

त्या आठवड्यातले फोटो मोठे करून पाहिले. तिघांच्या फोटोत मिक्सर पलंगावर, भांड्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. ते बाजूला ठेवले तर मिक्सर खरंच वापरलेल्यांचे सातच उरले. दोघांनी कपलरची तक्रार केलीय, एकाने "मोठं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका" असं लिहिलंय, बाकीचे समाधानी आहेत.

अंबडचा गाळा
हेच वाटलं होतं. जुन्या, चांगल्या रेटिंगच्या लिस्टिंगला नवी वस्तू "दुसरा प्रकार" म्हणून जोडतात. रंग किंवा मापाचे प्रकार एकत्र ठेवण्यासाठीची सोय आहे ती, तिचा गैरवापर होतो. तुमचं 4.3 चॉपरने कमावलेलं आहे. काही ॲपवर "फक्त याच प्रकाराचे रिव्ह्यू" अशी निवड मिळते, ती लावली की वरचा आकडा लगेच उघडा पडतो.

मखमलाबादकर
लिस्टिंगखालच्या "तक्रार करा"वर जाऊन चॉपरच्या रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट जोडले. "आम्ही तपासू" असं उत्तर आलं, आकडा अजून 4.3च आहे. यासाठी काही कायदा आहे का?

अंबडचा गाळा
भारतीय मानक ब्युरोचं IS 19000:2022 हे खास ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीच आहे. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, असं त्यात आहे. पण ते आलं तेव्हा ऐच्छिक ठेवलं होतं. वस्तू घेऊन फसगत झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. नुसत्या फुगवलेल्या रेटिंगवर तिथून काही हाललेलं मी तरी पाहिलेलं नाही. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

सिडको मिक्सर दुरुस्ती
ताई, सातांपैकी दोघांचा कपलर म्हणजे मी तरी घेणार नाही. आणि घेणारच असाल तर त्या कंपनीचा कपलर नाशकात सुटा मिळतो का ते आधी विचारा. नाव टाका इथे, माझ्याकडे कधी उघडायला आलाय का सांगतो.