क्रेसीचा निकाल लाँगबोने लावला का?

रणवाचक:
1200 पौंड खेचीचा आडवा, खटक्याचा क्रॉसबो म्हणजे 150 पौंडी उंच लाँगबो धनुष्याच्या आठपट ताकद. शिकायला आठवडा पुरे. पोपसुद्धा इतका घाबरला की त्याने 1139 मध्ये बंदी घातली. तरी 1346 ला फ्रान्समधल्या क्रेसीच्या लढाईत इंग्रजांचे लाँगबोवाले शेतकरी जिंकले, कारण पावसाने फ्रेंचांच्या भाडोत्री क्रॉसबोवाल्यांच्या, म्हणजे जिनोआवाल्यांच्या, दोऱ्या भिजल्या. निव्वळ नशीब. पटतंय का?

मावळतीकर:
नाही पटत. आणि हा आठपटीचा हिशोब दर दोन महिन्यांनी कुणीतरी मांडतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

खेच, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, किती पौंडांची, एवढ्यावर बाणाचा जोर ठरत नाही. दोरी किती अंतरभर बाणाला ढकलत राहते, हेही तेवढंच महत्त्वाचं. लाँगबोची दोरी कानाजवळून सुटते आणि बाणाला जवळजवळ 60 सेंटिमीटर रेटते. पोलादी कमानीच्या जड क्रॉसबोत हे अंतर जेमतेम 15 सेंटिमीटर असतं. 150 गुणिले 60 म्हणजे 9000, आणि 1200 गुणिले 15 म्हणजे 18000. इथेच आठपटीची दुप्पट झाली. त्यातही पोलादी कमान स्वतः जड असते, तिची टोकं पुढे झेपावण्यातच बराच जोर खर्ची पडतो. बोल्टच्या, म्हणजे क्रॉसबोच्या आखूड बाणाच्या, वाट्याला येतो तो लाँगबोच्या बाणापेक्षा थोडा जास्त, बस्स. 150-160 पौंडी धनुष्यातून 80 ग्रॅमचा बाण सेकंदाला 50 ते 55 मीटर वेगाने सुटतो. ही काही किरकोळ गोष्ट नाही.

दुसरं म्हणजे तुमचा 1200 पौंडी क्रॉसबो क्रेसीच्या मैदानात नव्हताच. रहाट फिरवून चढवायचे ते पोलादी क्रॉसबो पुढच्या शतकातले. 1346 ला जिनोआवाल्यांकडे शिंग, स्नायू आणि लाकूड चिकटवून केलेल्या कमानी होत्या. चढवायची पद्धत अशी: क्रॉसबो जमिनीकडे तोंड करून धरायचा, टोकाच्या रिकिबीत पाय घालायचा, वाकून कंबरपट्ट्याचा आकडा दोरीत अडकवायचा आणि ताठ उभं राहायचं. म्हणजे माणसाच्या पाठीला आणि मांड्यांना झेपेल तेवढीच खेच. ती 300 पौंडांच्या आसपास धरा आणि अंतर 20 सेंटिमीटर. गुणाकार करून बघा, 6000 येतात. त्या संध्याकाळी लाँगबो प्रत्येक बाणामागेही वरचढ होता, नुसता वेगाने नव्हे.

सिद्धी_क:
पोपच्या बंदीबद्दल सगळे अर्धंच सांगतात. चर्चच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेच्या त्या कलमात क्रॉसबोवाले आणि धनुर्धारी दोघंही आहेत, आणि मनाई ख्रिश्चनांविरुद्ध वापरण्याची आहे. भीतीने फक्त क्रॉसबोवर बंदी आली ही दंतकथा आहे. बंदी कुणी मानलीही नाही. साठ वर्षांनी, 1199 मध्ये, इंग्लंडचा रिचर्ड राजा फ्रान्समधल्या शालू किल्ल्याच्या वेढ्यात क्रॉसबोच्याच जखमेने मेला.

गडभ्रमंती:
मुळात सिनेमांनी वाट लावली आहे! सेनापती हात वर करून उभा, मागे शे-दोनशे तिरंदाज दोरी कानापर्यंत ओढून मिनिटभर थांबलेले, मग आज्ञा होते. 150 पौंड ओढून कोण थांबणार? खांदे थरथरायला लागतात, नेम जातो. युद्धधनुष्य ओढणं आणि सोडणं ही एकच हालचाल असते. कधीतरी एखाद्या दिग्दर्शकाने एखाद्या जाणकाराला विचारावं.

मावळतीकर:
रागाचं कारण अगदी रास्त आहे, आणि क्रॉसबोचं खरं मोल नेमकं तिथेच आहे. चढवलेला क्रॉसबो खोबणीत बोल्ट ठेवून तसाच धरून बसता येतो. तटाच्या फटीमागे माणूस वाट बघत राहतो, समोर कुणी डोकं काढलं की खटका दाबतो. लाँगबोला उभं राहायला, हात मागे न्यायला जागा लागते. वेढ्यात, गलबतावर, बुरुजात क्रॉसबोच बरा. जिनोआवाले मुळात समुद्रावरचे लढवय्ये, त्यांनी तो उगाच नाही निवडला.

रणवाचक:
ठीक आहे, 1200 चा आकडा नंतरच्या काळातला असेल. पण तो सोडला तरी दोरी भिजल्याचं काय? ज्याँ द व्हेनेट या समकालीन इतिवृत्तकारानेच लिहिलंय की पावसाने क्रॉसबोच्या दोऱ्या आखडल्या, आणि इंग्रजांनी आपल्या दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली ठेवल्या. पुरावा आणखी कसला हवा?

काष्ठशिल्प:
लाकूडकाम आणि दोर वळण्याच्या बाजूने बोलतो. या दोऱ्या हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्यांच्या, पुष्कळ पदरांच्या, वर मेण चोळलेल्या. एका सरीने अशी दोरी निकामी होत नाही. पाणी आत मुरायला वेळ लागतो. शिवाय क्रॉसबोची दोरी बोटभर जाड असते. लाँगबोची तिच्यापेक्षा बारीक, म्हणजे भिजायचीच तर तीच आधी भिजायला हवी.

सिद्धी_क:
पण लाँगबोची काढता येते ना! तोच तर मुद्दा आहे. धनुष्याचं खालचं टोक पायाशी टेकवायचं, मधला भाग दाबायचा, वरचा फासा सरकवायचा. चार-पाच सेकंदांचं काम, आणि परत चढवायलाही तेवढाच वेळ. क्रॉसबोची कमान इतकी ताठ की हाताने दोरी उतरतच नाही. आधी कमानीच्या दोन्ही पात्यांना शिकंजे लावायचे, त्यांना दुसरी लांब दोरी बांधायची, त्या दोरीने कमान आणखी वाकवायची, तेव्हा कुठे मूळ दोरी ढिली पडून खाचेतून निघते. पाऊस पडतोय, समोर शत्रू आहे, अशा वेळी हजारो माणसं हे करत बसणार?

काष्ठशिल्प:
काढता येत नाही हे मान्य. पण काढता येत नाही म्हणजे बिघडलीच, असं कुठे आहे? ओली दोरी जड होते, बोल्ट जरा मंद जातो, इतकंच. शिंगाच्या कमानीला खरा धोका सरसातून. तो पाण्याने मऊ होतो आणि थर सुटायला लागतात. म्हणून वर भूर्जाची साल किंवा चामडं चढवत. त्या आवरणाला तडा गेलेला असेल आणि दोन-तीन दिवस ओल राहिली, तर कमान गेली. संध्याकाळच्या एका सरीत नाही.

रणवाचक:
म्हणजे समकालीन माणूस खोटं बोलतो आणि तुम्ही सुताराच्या बाकावरून खरं बोलता?

काष्ठशिल्प:
साहेब, आवाज चढवून हेम्प आखडत नाही. व्हेनेट हा पॅरिसचा मठवासी, रणांगणावर नव्हता. फ्रान्सचा एवढा दारुण पराभव झाला, तर पावसावर खापर फोडणं तिथे सगळ्यांच्याच सोयीचं होतं. फ्रुआसार हा दुसरा इतिवृत्तकारही वादळाचं वर्णन करतो, पण दोऱ्या निकामी झाल्याचं म्हणत नाही. उलट पाऊस थांबल्यावर सूर्य फ्रेंचांच्या डोळ्यांवर आला, असं सांगतो.

सिद्धी_क:
फ्रुआसारही तिथे नव्हता. तेव्हा तो लहान पोरगा होता. एकाची ऐकीव गोष्ट नाकारायची आणि दुसऱ्याची धरायची, हे चालणार नाही.

मावळतीकर:
दोरीवर अडकून चिखल विसरलात. पाऊस लढाईत शिरला तो बहुधा चिखलातून. प्रत्येक वेळी रिकीब जमिनीवर टेकवून, पाय रोवून, वाकून उभं राहायचं, तेही भिजलेल्या उतारावर. पाय सरकला की आकडा सुटतो. कोरड्या जमिनीवर मिनिटाला दोन-तीन बोल्ट निघत असतील तर इथे आणखी कमी. समोरून एकेक माणूस पहिल्या मिनिटांत दहाच्या आसपास बाण सोडू शकतो. पुढे दंड भरून येतात आणि 24 बाणांची जुडी संपत येते, तेव्हा वेग उतरतो. पण तोवर काम झालेलं असतं.

दोरीपेक्षा मोठं कारण आहे ढाली. जिनोआवाला एरवी माणसाएवढी पाव्हीस ढाल पुढे रोवतो आणि तिच्याआड वाकून क्रॉसबो चढवतो. त्या दिवशी ढाली आणि जादा बोल्ट मागे राहिलेल्या सामानाच्या गाड्यांत होते. अब्बेव्हिलहून दिवसभर चालत आलेल्या माणसांना संध्याकाळी तसंच पुढे लोटलं. उघड्यावर वाकलेला माणूस आणि वरून बाण! ते मागे फिरले, तर अलाँसोंच्या काउंटच्या घोडेस्वारांनी आपल्याच लोकांना तुडवलं. यात शस्त्राचा दोष किती आणि ते वापरायला लावणाऱ्यांचा किती?

रणवाचक:
म्हणजे मी म्हणत होतो तेच की! क्रॉसबो वाईट नव्हता. आणि शिकायला सोपा होता, हे तरी मान्य करा.

मावळतीकर:
खटका दाबायला शिकणं सोपं, तेवढं मान्य. पण भाडोत्री जिनोआवाला आठवड्यात घडत नाही. ढालवाल्याशी जोडी जमवणं, रांगेत आळीपाळीने पुढे-मागे होणं, कमान-दोरीची देखभाल हे सगळं त्यात येतं. फ्लँडर्सच्या शहरांत क्रॉसबोवाल्यांचे संघ होते, ते नियमित सराव करत. इंग्लंडची अडचण निराळी. तिथे ताकदच वर्षानुवर्षं घडवावी लागे. बिशप लॅटिमरने 1549 च्या प्रवचनात सांगितलंय, बापाने त्याला हाताच्या जोराने ओढायला नाही तर अंग धनुष्यात घालायला शिकवलं, आणि वय-ताकद वाढेल तसं मोठं धनुष्य विकत घेऊन दिलं. 1363 मध्ये राजाला सुट्टीच्या दिवशी तिरंदाजीची सक्ती करावी लागली, ती याचसाठी. राजा पैसे देऊन क्रॉसबोवाले महिन्याभरात उभे करू शकतो, धनुर्धारी पिढीभर आधी पेरावे लागतात.

गडभ्रमंती:
1545 ला बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धजहाजावरच्या सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचं हाड सुटंच राहिलेलं दिसतं ना? एरवी ते तरुणपणी सांधतं. लहानपणापासून ओढल्याचा हा थेट पुरावा.

काष्ठशिल्प:
थेट नाही. जहाजावर तोफा ओढणारेही होते. त्यातला कुठला सांगाडा धनुर्धाऱ्याचा, हे हाडावर लिहिलेलं नसतं. त्या जहाजावरची धनुष्यं मात्र पुरेशी बोलतात. बाहेरचं पांढरं लाकूड पाठीला, म्हणजे शत्रूकडच्या बाजूला, तांबूस गाभा पोटाला, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला, यू झाडाच्या एकाच फळीतून काढलेलं. पाठ ताण सोसते, पोट दाब सोसतं. त्यांची खेच 100 ते 185 पौंडांमध्ये धरतात. पाठीकडचा एक वार्षिक थर जरी रंध्याने कापला गेला तरी तिथून चीर उठते आणि धनुष्य ओढताना फुटतं. म्हणून कारागीर गाठीपाशी लाकूड तासत नाही, उंचवटा तसाच ठेवतो.

सिद्धी_क:
आणि एवढं करूनही लाँगबोने पत्र्याचं चिलखत सर्रास फोडलं, असं कुणी म्हणू नका. 1356 ला पॉइतिएच्या लढाईत फ्रेंच घोड्यांच्या छातीवर चिलखत होतं, बाण तिथून घसरत होते. ऑक्सफर्डच्या अर्लने इंग्रज धनुर्धाऱ्यांना बाजूला नेऊन घोड्यांच्या उघड्या पुठ्ठ्यांवर मारा करायला लावला. घोडे उधळले आणि आपल्याच लोकांत घुसले. परिणाम असा होतो. 1424 ला व्हर्नेईच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूच्या लोम्बार्ड स्वारांचे घोडेही चिलखतात होते, ते धनुर्धाऱ्यांतून आरपार गेले.

रणवाचक:
व्हर्नेई शेवटी इंग्रजांनीच जिंकली.

सिद्धी_क:
जिंकली, पण पायदळाच्या हातघाईवर. ते स्वार आरपार जाऊन सामान लुटत बसले, म्हणून निभावलं.

काष्ठशिल्प:
दोरीचं अजून राहिलंय. मेण लावलेली हेम्पची दोरी पावसाने आखडते असं ज्यांना वाटतं, त्यांनी निदान सांगावं: आखडलेली दोरी कमानीला आणखी वाकवेल, म्हणजे आकड्याने ओढायचं अंतर कमी होईल. मग "ओढताच आली नाही" हे कसं?

सिद्धी_क:
दोरी आखडली की कमान आधीच जास्त वाकलेली, म्हणजे पहिल्या इंचापासूनच खेच जड. दमलेल्या माणसाला चिखलात तेवढं पुरेसं आहे. पण किती आखडते, यावर तुमचं-माझं जमणार नाही.